नेट रडतंय, पण एपिसोड फोनमध्ये आहेत: ते टीव्हीवर कसे लावायचे

पावसाळ्यात कोकणात ब्रॉडबँडचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. फांदी पडून फायबर तुटते, बॉक्समधली वीज जाते, आणि सगळं ठीक असलं तरी संध्याकाळी आठनंतर वेग एक-दीड एमबीपीएसवर येऊन बसतो. अशा वेळी टीव्हीवरचं अ‍ॅप गोल फिरणारं चक्र दाखवत बसतं. फोनमध्ये मात्र आधी डाउनलोड केलेले सहा एपिसोड तयार असतात. मग सहज वाटतं, फोनवरचं कास्टचं बटण दाबलं की काम झालं.

ते होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की पुढचा सगळा गोंधळ सुटतो.

कास्टचं बटण नेमकं काय करतं

गूगल कास्ट, म्हणजे वायफायच्या लाटा असलेल्या चौकोनाचं ते चिन्ह. ते दाबल्यावर फोनमधलं चित्र टीव्हीकडे जात नाही. फोन टीव्हीच्या हातात फक्त पत्त्याची चिठ्ठी देतो: अमुक मालिका, तमुक एपिसोड, अमक्याचं खातं. चित्र आणायला टीव्ही स्वतः इंटरनेटवर जातो. म्हणून कास्ट सुरू झाल्यावर फोनची स्क्रीन बंद केली तरी एपिसोड चालू राहतो. आणि म्हणूनच नेट रडत असेल तर कास्टही रडतं, मग फोनमध्ये तो एपिसोड पूर्ण उतरवलेला असला तरी. डाउनलोड केलेली फाइल फोनमध्ये तशीच पडून राहते आणि टीव्ही तोच एपिसोड पुन्हा नेटवरून मागवायला बघतो.

त्यात आणखी भर म्हणजे कंपन्या या सोयी काढूनही घेतात. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये अ‍ॅपलचं एअरप्ले बंद केलं आणि २०२५ च्या अखेरीस बहुतेक नव्या टीव्हींवर फोनवरून कास्ट करणंही थांबवलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जमलेली युक्ती आज जमत नसेल, तर दोष तुमच्या टीव्हीचा असेलच असं नाही.

डाउनलोड केलेलं टीव्हीवर आणायचं तर चित्र खुद्द फोनमधून बाहेर पडायला हवं. त्याला दोन वाटा आहेत. एक केबलची. दुसरी मिररिंगची, म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी बिनतारी टीव्हीवर दाखवायची. पण कुठली वाट चालेल हे एपिसोड कुठून आला यावर ठरतं.

कुलूप असलेली फाइल आणि बिनकुलपाची फाइल

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ दाबून उतरवलेला एपिसोड कुलूपबंद असतो. तो गॅलरीत दिसत नाही, फाइल मॅनेजरमध्ये सापडला तरी उघडत नाही. अँड्रॉइडवर या कुलपाचं नाव वाइडवाइन. ते फक्त त्याच अ‍ॅपमध्ये उघडतं, आणि चित्र बाहेरच्या पडद्यावर जाताना ‘हा पडदा विश्वासातला आहे का’ असं विचारतं. केबलवर हा प्रश्न एचडीसीपी नावाच्या व्यवस्थेतून विचारला जातो. उत्तर नीट आलं नाही तर टीव्हीवर काळा पडदा, मागे आवाज मात्र चालू. हे दृश्य ओळखून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी फाइल बिनकुलपाची. लग्नाचं शूटिंग, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ, एखाद्या निर्मात्याने स्वतःच्या साइटवर उतरवून घ्यायला मोकळा ठेवलेला कार्यक्रम. ही साधी एमपी४ फाइल असते आणि तिच्यासाठी सगळ्या वाटा खुल्या असतात. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण तिथे फारशी डोकेदुखी नाही. खरी डोकेदुखी कुलपाच्या फाइलची आहे.

(कुलूप तोडून फाइल मोकळी करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती अ‍ॅपच्या अटींच्या बाहेर आहेत आणि अशा साइटवरून फोनमध्ये काय काय येईल याचा भरवसा नाही. इथे त्यांचा विचार केलेला नाही.)

तुमच्या फोनमधून चित्र बाहेर पडतं का

केबलच्या वाटेवर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फोनला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून टीव्हीला चित्र देता येईल असं नाही. पोर्टचा आकार तोच असतो, आतल्या तारा वेगळ्या असतात. चित्र बाहेर पाठवायला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ नावाची सोय लागते आणि आपल्याकडे वीस-पंचवीस हजारांच्या आत विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. रेडमी नोट, गॅलक्सी ए आणि एम, रिअलमीचे नंबरवाले फोन हे बहुतांशी या गटातले.

तपासायला दोन मिनिटं लागतात. GSMArena या साइटवर आपल्या फोनचं पूर्ण नाव शोधा, खाली Comms या भागात USB ची ओळ वाचा. तिथे असं काही लिहिलेलं असेल:

```
USB Type-C 2.0, OTG
```

तर केबलची वाट बंद समजा. ओटीजी म्हणजे पेनड्राइव्ह चालेल एवढंच, चित्राशी त्याचा संबंध नाही. आणि जर असं असेल:

```
USB Type-C 3.2, DisplayPort 1.2, OTG
```

तर वाट मोकळी. नुसतं 3.1 किंवा 3.2 लिहिलं असेल आणि डिस्प्लेपोर्टचा उल्लेख नसेल, तर शक्यता बरी आहे पण खात्री नाही. तेव्हा कंपनीच्या साइटवर बघा, किंवा कोणाचा तरी अडॅप्टर मागून लावून पाहा.

ढोबळ अंदाज द्यायचा तर सॅमसंगची एस मालिका एस८ पासून पुढे, त्यांचे फोल्ड फोन, गूगल पिक्सल ८ आणि त्यानंतरचे (पिक्सल ८ ला ही सोय २०२४ च्या अपडेटने मिळाली), वनप्लसचे महागडे फोन, मोटोरोलाच्या एज मालिकेतले बरेचसे. आयफोनमध्ये १५ आणि नंतरच्यांना टाइप-सीमधून थेट चित्र देता येतं. १४ आणि आधीच्यांना अ‍ॅपलचा लाइटनिंग डिजिटल एव्ही अडॅप्टर लागतो. त्याची नक्कल निम्म्याहून कमी किमतीत मिळते, पण कुलपाच्या फाइलवर ती बऱ्याचदा काळा पडदा दाखवते. इथे पैसे वाचवू नका.

घरात दोन-चार फोन असतात. ज्याच्यातून चित्र बाहेर पडतं त्याच फोनवर डाउनलोड करायचं, हे आधी ठरवा. आमच्याकडे एपिसोड उतरवले जातात पोरांच्या फोनवर आणि चित्र बाहेर पडतं मोठ्यांच्या फोनमधून, आणि कुलपाची फाइल एका फोनमधून दुसऱ्यात हलवता येत नाही.

अडॅप्टर घेताना

दुकानात ‘मोबाइल टू टीव्ही केबल’ म्हटलं की दोन प्रकारच्या वस्तू पुढे येतात आणि दुकानदारालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो.

एक प्रकार तीन तोंडांच्या केबलचा. एक तोंड फोनला, एक टीव्हीच्या एचडीएमआयला, एक यूएसबीला वीज घ्यायला. खोक्यावर ‘सगळ्या फोनना चालते’ असं लिहिलेलं असतं आणि वापरण्याआधी एखादं अ‍ॅप टाकायला सांगतात किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. अ‍ॅप मागते ती केबल म्हणजे तारेतून केलेलं मिररिंग. लग्नाचा व्हिडिओ चालेल, ओटीटीचा एपिसोड काळा दिसेल. डिस्प्लेलिंक नावाच्या अडॅप्टरचंही तेच.

दुसरा प्रकार साधा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर. त्याला अ‍ॅप लागत नाही, काही टाकावं लागत नाही, लावला की चालतो किंवा चालत नाही. हा घ्यायचा. त्यातही फक्त एचडीएमआयचं एकच भोक असलेला घेण्याऐवजी चार्जिंगचं टाइप-सी भोकही असलेला घ्या. त्यावर ‘पीडी’ लिहिलेलं असतं. फोनला एकच पोर्ट असतो आणि तो अडॅप्टरने अडवला की चार्जर लावायला जागा उरत नाही. तीन एपिसोड सलग बघायचे तर ही अडचण ठरते, आणि लाइट जायच्या भीतीने बॅटरी राखून ठेवायची असेल तर जास्तच. खोक्यावर एचडीसीपीचा उल्लेख असेल तर उत्तम.

एचडीएमआय केबल दीड-दोन मीटरची असते. टीव्ही भिंतीवर आणि बसायची जागा समोर असेल तर पाच मीटरची घ्या किंवा फोन टीव्हीखालच्या स्टुलावर ठेवायची तयारी ठेवा. फोन टीव्हीपाशीच राहणार, म्हणजे थांबवायला-पुढे न्यायला उठावं लागणार. ही केबलच्या वाटेची खरी किंमत आहे.

डाउनलोड: इथे हळू नेट चालतं

हा भाग लोक घाईत उरकतात. टीव्हीवर थेट बघायला ठरावीक वेग सतत लागतो. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि साध्या एचडीला ३ एमबीपीएस सुचवतं. डाउनलोडला अशी अट नाही, त्याला फक्त वेळ लागतो. एक एमबीपीएसवर एक जीबी उतरायला सव्वादोन तास लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा फोन चार्जरला लावून ठेवला तर त्याच रडक्या नेटवर साडेतीन जीबीच्या आसपास पदरात पडतं. मधल्या दर्जाचे पाऊण तासाचे पाच-सहा एपिसोड त्यात सहज बसतात.

त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने फोन डाउनलोड थांबवतो आणि सकाळी अर्धा एपिसोड हाती लागतो. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनवर हे हमखास होतं. ‘फक्त वायफायवर डाउनलोड’ ही खूण तुमचं वायफाय बरं की मोबाइल डेटा बरा ते बघून ठेवा.

दर्जा निवडताना टीव्हीचा आकार आठवा. फोनवर ‘डेटा सेव्हर’ दर्जाचं चित्र छान दिसतं, ३२ इंचांवर तेच पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. टीव्हीसाठी उतरवताना वरचा किंवा वरून दुसरा दर्जा घ्या. आणि फोनमध्ये वाइडवाइनची पातळी एल१ आहे का ते एकदा बघून घ्या. DRM Info नावाच्या छोट्या अ‍ॅपमध्ये Security Level या ओळीत ते दिसतं. तिथे एल३ असेल तर बहुतेक अ‍ॅप एचडी देत नाहीत, कितीही वरचा दर्जा निवडला तरी.

आता मुदतीचं. कुलपाच्या फाइलला मुदत असते. प्राइम व्हिडिओवर साधारणपणे उतरवल्यापासून ३० दिवसांत बघायला सुरुवात करावी लागते आणि एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपवावं लागतं. नेटफ्लिक्सवर प्रत्येक मालिकेची मुदत वेगळी असते, काही एपिसोड सुरू केल्यावर ४८ तासांत जातात. मुदत संपली की फाइल फोनमध्ये असूनही नेट मागते. म्हणून आदल्या दिवशी चाचणी घेताना सगळे एपिसोड उघडून बघू नका. पहिला एकच, विमान मोड चालू करून, दहा सेकंद. तो चालला तर बाकीचेही चालतील आणि त्यांचं घड्याळ सुरू होणार नाही.

नेटफ्लिक्समधलं ‘स्मार्ट डाउनलोड’ही बंद करून ठेवा. एक एपिसोड बघून झाला की ते वायफायवर पुढचा मागवायला लागतं, आणि घरात बाकी कोणाला नेट हवं असेल तर तेवढ्यात त्यांचं काम अडतं.

शेवटची गोष्ट प्लॅनची. फक्त मोबाइलपुरता स्वस्त प्लॅन घेतला असेल, जसा नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा, तर तो टीव्हीसाठी नाहीच. अशा प्लॅनवर केबल लावूनही चित्र अडवलं जाऊ शकतं. अडॅप्टरला दोष देण्याआधी हे तपासा.

जोडणी, एका घरातली

आत्याचं घर गुहागरच्या पुढे, टीव्ही ३२ इंची, साधा एचडी, दोन एचडीएमआय पोर्टवाला. फोन माझ्या भावाचा, गॅलक्सी एस२३. प्राइमवरचे सहा एपिसोड आदल्या रात्री उतरवलेले. संध्याकाळी नेट गेलेलं, घरात इन्व्हर्टर. जोडणी या क्रमाने केली, आणि हा क्रम बदलू नये असं माझं मत आहे.

आधी एचडीएमआय केबल टीव्हीला आणि अडॅप्टरला. एका पोर्टवर सेट टॉप बॉक्स होता, म्हणून दुसऱ्यावर लावली. मग चार्जर अडॅप्टरच्या पीडी भोकात. सगळ्यात शेवटी अडॅप्टर फोनमध्ये. चार्जर नंतर लावला तर वीज कोण कोणाला देणार हे ठरताना जोडणी क्षणभर तुटते, टीव्ही काळा होतो, आणि कुलपाची फाइल चालू असेल तर अ‍ॅप चूक दाखवून बाहेर पडतं. फोनला जाड रबरी कव्हर असेल तर ते काढा, पिन अर्धवट बसली की चित्र लुकलुकतं.

टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून ‘एचडीएमआय २’ निवडला. आत्या म्हणाली, “अगो बाई, तुझ्या फोनवरचं घड्याळसुद्धा दिसतंय की!” घड्याळ दिसलं म्हणजे निम्मं काम झालं. फोनमधून चित्र बाहेर पडतंय, केबल ठीक आहे, इनपुट बरोबर आहे. उरला फक्त कुलपाचा प्रश्न.

सॅमसंगमध्ये इथे एक फाटा येतो. केबल लावली की फोन डेक्स सुरू करतो, म्हणजे टीव्हीवर संगणकासारखा डेस्कटॉप येतो. वरच्या नोटिफिकेशनमधून ते बदलून साधं स्क्रीन मिररिंग करता येतं. दोन्हीतून एक निवडायचं तर आधी डेक्समध्ये अ‍ॅप उघडून बघा, कारण तिथे पडदा टीव्हीच्या मापाचा असतो. एखादं अ‍ॅप तिथे नाटक करत असेल तर मिररिंगवर या. आम्ही मिररिंगवर आलो.

फोन विमान मोडवर टाकला, नाहीतर ऐन प्रसंगात कोणाचा तरी फोन येतो आणि नाव भिंतभर दिसतं. अ‍ॅपमधल्या डाउनलोडच्या यादीतूनच एपिसोड उघडला. मुख्य पानावरून उघडला तर काही अ‍ॅप नेट शोधत बसतात. फोन आडवा केला आणि चित्र आलं.

पण आलं ते चारही बाजूंनी काळी चौकट घेऊन. हे सगळ्यांकडे होतं, म्हणून कारण सांगतो. फोनचा पडदा लांबट असतो, १९.५:९ किंवा २०:९. एपिसोड १६:९ चा असतो, त्यामुळे फोनवर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतात. तो लांबट पडदा जसाच्या तसा १६:९ च्या टीव्हीवर बसवताना वर-खाली आणखी पट्टे येतात. हिशेब केला तर एस२३ वर चित्र टीव्हीच्या रुंदीच्या ८२ टक्के उरतं, म्हणजे ३२ इंची टीव्ही साधारण २६ इंची होतो. २०:९ च्या फोनवर ते ८० टक्के.

उपाय टीव्हीच्याच मेनूत आहे. ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ मध्ये ‘झूम’ निवडा. मधलं चित्र मोठं होतं आणि चारही बाजूंची चौकट बरीचशी बाहेर जाते. चित्र सगळीकडून सारखंच आक्रसलेलं असल्यामुळे झूमने माणसं जाडी-लांब होत नाहीत. फक्त सबटायटल कापली जात नाहीत ना ते बघा. झूम किती होतो हे टीव्हीवर अवलंबून असतं, काहींमध्ये टक्क्यांनी कमी-जास्त करता येतो. दोन बोटांनी फोनवरचं चित्र ताणण्यापेक्षा हे बरं. बोटांनी ताणलं तर चित्राचा वरचा-खालचा भाग खरोखर कापला जातो आणि टीव्हीवरचे आडवे पट्टे तसेच राहतात.

आयफोनवर हा त्रास सहसा नाही. तो पूर्ण पडद्यावर चाललेला व्हिडिओ टीव्हीच्या मापात वेगळा पाठवतो.

काही दिसत नसेल तर कुठे बघायचं

टीव्हीवर काहीच येत नाही, ‘नो सिग्नल’ आहे. टीव्हीचा इनपुट बदलून बघा, टाइप-सीची पिन उलटी करून लावा, हीच एचडीएमआय केबल सेट टॉप बॉक्सला लावून तपासा. सगळं ठीक निघालं आणि फोनवर कसलीच हालचाल दिसत नसेल, तर फोनमध्ये ऑल्ट मोड नाही. पुढे वेळ घालवू नका.

फोनची स्क्रीन दिसते, पण एपिसोड लावला की काळं आणि मागे आवाज. हे कुलपाचं काम. यूट्यूबवरचा किंवा गॅलरीतला व्हिडिओ लावून बघा. तो दिसला तर तार ठीक आहे, अडॅप्टर, मधला डबा किंवा प्लॅन अडवतोय. मधला डबा म्हणजे एचडीएमआय स्प्लिटर, किंवा जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनच्या टीव्हीसाठीचा कन्व्हर्टर. असले डबे एचडीसीपीचं उत्तर नीट देत नाहीत. मधलं सगळं काढून फोन थेट टीव्हीला जोडा. तरीही काळं राहिलं तर अडॅप्टर बदलायची वेळ आली.

चित्र टीव्हीवर आणि आवाज फोनमध्ये. नव्वद टक्के वेळा खिशातल्या डबीचं झाकण अर्धवट उघडं राहून ब्लूटूथ इअरबड जोडलेले असतात. ब्लूटूथ बंद करा. तेही नसेल तर आवाजाची कळ दाबून येणाऱ्या पट्टीवर आवाज कुठे जातोय ते निवडता येतं.

बिनतारी मिररिंग: कधी उपयोगी, कधी नाही

फोनमधून केबलने चित्र बाहेर पडत नसेल तर ही वाट राहते. मिराकास्ट नावाच्या पद्धतीत फोन आणि टीव्ही वायफायने थेट एकमेकांशी बोलतात. राउटर लागत नाही, इंटरनेट तर नाहीच. फोनवर याला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव आहे: सॅमसंगवर ‘स्मार्ट व्ह्यू’, बाकीच्यांवर ‘स्क्रीनकास्ट’, ‘वायरलेस डिस्प्ले’, ‘स्मार्ट मिररिंग’ असं काहीतरी. टीव्हीवर ‘स्क्रीन मिररिंग’ किंवा ‘स्क्रीन शेअर’. फायर टीव्ही स्टिकच्या काही मॉडेलमध्ये होमचं बटण दाबून धरलं की मिररिंगचा पर्याय येतो. पिक्सल फोनमध्ये मिराकास्ट नाही.

बिनकुलपाच्या व्हिडिओला हे मस्त. ओटीटीच्या डाउनलोडला मात्र बहुतेक अ‍ॅप इथे काळा पडदा दाखवतात. काही अ‍ॅप, काही फोन आणि काही टीव्ही यांची मोट जमली तर चालतं, म्हणून अडॅप्टर विकत घेण्याआधी एकदा फुकटात करून बघायला हरकत नाही. पाहुणे येण्याच्या संध्याकाळी मात्र यावर विसंबू नका.

गूगल होम अ‍ॅपमधून होणारं मिररिंग वेगळं. त्यात फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. चित्र फोनमधून राउटरमार्गे टीव्हीत जातं, बाहेरच्या नेटवरून येत नाही. त्यामुळे नेट हळू असेल तरी चालतं. नेट पूर्ण बंद असेल तर मात्र टीव्हीतला कास्टचा भाग बऱ्याचदा सुरूच होत नाही, कारण सुरू होताना त्याला नेटवरून थोडंसं काही मागवायचं असतं. तेवढ्यापुरता दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही व पहिला फोन दोन्ही त्यावर घ्या. ज्या फोनचा हॉटस्पॉट, त्याच फोनवरून कास्ट करायला जाऊ नका, ते भरवशाचं नाही.

अँड्रॉइड फोनची एक खोडही इथे आडवी येते. वायफाय आहे पण नेट नाही हे कळलं की तो स्वतःहून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि टीव्ही दिसेनासा होतो. तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवा.

बिनकुलपाची फाइल असेल तर

फोनमध्ये व्हीएलसी उघडा, व्हिडिओ लावा, वरचं कास्टचं चिन्ह दाबा. इथे मात्र कास्ट खरोखर फोनमधली फाइल टीव्हीला देतं. व्हीएलसी फोनला छोटा सर्व्हर बनवतो आणि टीव्ही त्यातून व्हिडिओ उचलतो. ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे. फोन मध्येच झोपू देऊ नका, कारण या वेळी चित्र फोनमधूनच जातंय. अडकत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर दोघांना घ्या.

आणि खरं सांगायचं तर अशा फाइलला पेनड्राइव्हच बरा. ओटीजीने फोनला लावा, फाइल कॉपी करा, टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये घाला. टीव्हीने पेनड्राइव्ह ओळखला नाही तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बघा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण एपिसोड सहसा तेवढा मोठा नसतो. चित्र दिसतंय पण आवाज येत नसेल, तर त्या व्हिडिओतला आवाजाचा प्रकार टीव्हीला कळत नाही. तीच फाइल व्हीएलसीमधून कास्ट करून बघा किंवा फोन केबलने जोडा, तिथे आवाज उलगडायचं काम फोन करतो.